गरोदरपणात वजन किती वाढायला पाहिजे? एका घरात दोघी जावा, दोघींना एकच आकडा

धाकटी_जाऊ
नमस्कार मंडळी. आम्ही निपाणी भागातले. आमच्या घरात सध्या दोघी जावा पोटुशी आहोत. माझं पहिलंच, जाऊबाईंचं दुसरं.

माझी उंची १५२ सेंटिमीटर. दिवस जायच्या आधी वजन ४२ होतं. तायी कार्ड काढलं तेव्हा अकरावा आठवडा होता, उलट्यांनी हैराण होते, तेव्हा कार्डावर ४१ लिहिलंय. आता अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे आणि वजन ४७. जाऊबाई १५५ सेंटिमीटर, आधी ६८ होत्या, चोविसाव्या आठवड्यात ७७ झाल्यात.

उपकेंद्रात दोघींना एकच सांगितलं, नऊ ते अकरा किलो वाढायला पाहिजे. सासूबाईंच्या मते जाऊबाईंचं एकदम छान चाललंय आणि मी "अंगाला लावून घेत नाही". माझं खाणं त्यांच्यापेक्षा कमी नाही हो. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण करून मला गडहिंग्लजला माहेरी पाठवणार. त्याआधी कळू दे, माझं वजन खरंच कमी आहे का? आणि दोघींना एकच आकडा कसा काय?

जोंधळ्याची_भाकरी
अगं माझ्या पहिल्या वेळी तब्बल २२ किलो वाढलं होतं आणि मुलगी ३ किलो १०० ग्रॅमची. नॉर्मल डिलिव्हरी. माझ्या बहिणीचं सातच किलो वाढलं, तिचा मुलगापण तीनच्या वर. त्यामुळे वजनाचं एवढं मनाला लावून घेऊ नको. २२ पैकी दहा किलो मात्र अजून माझ्याजवळच आहेत, मुलगी चौथीत गेली तरी :)

चिकोडीची_आक्का
बाळ, मी सांगते ते ऐक. सातव्यानंतर जरा हात आखडूनच खायचं. लई खाल्लं की बाळ मोठं होतं, मग अडतं आणि शिझर करत्यात. आमच्या वेळी सासू शेवटच्या दोन महिन्यांत रात्रीची एकच भाकरी द्यायची, सगळ्या घरात बाळंत झालो. तुझं वजन कमी हाय तर बरंच हाय की. काळजी जावेची कर.

आकडेमोड
भावनेपेक्षा गणित बघू. मी बेळगावचा, टिळकवाडी. बायकोच्या वेळी सगळं वाचून काढलं होतं.

वजन भागिले उंचीचा वर्ग, उंची मीटरमध्ये. तुमचं ४२ भागिले १.५२ गुणिले १.५२, म्हणजे बीएमआय १८.२. जाऊबाईंचा २८.३. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवलेले आकडे असे: सुरुवातीचा बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर एकूण वाढ साडेबारा ते अठरा किलो. १८.५ ते २५ मध्ये साडेअकरा ते सोळा. २५ ते ३० मध्ये सात ते साडेअकरा. तीसच्या वर पाच ते नऊ.

म्हणजे तुम्ही १८ चं टार्गेट ठेवा, अजून १३ किलो बाकी आहेत आणि हातात बारा आठवडे. जाऊबाईंची नऊ किलो वाढ झालीच आहे, त्यांनी आता वजन वाढवणं थांबवावं, जमल्यास दोनेक किलो उतरवावं. विषय संपला.

धाकटी_जाऊ
बारा आठवड्यांत १३ किलो??

सिस्टर_माई
थांबा, थांबा. विषय सुरू झाला म्हणा. माझी सगळी नोकरी खानापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली, आता निवृत्त आहे. आकडेमोड, तुमचा तक्ता बरोबर आहे, वापर चुकलाय.

अठरा ही त्या गटाची वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. आणि राहिलेली वाढ उरलेल्या आठवड्यांत कोंबायची नसते. या तक्त्याचा खरा उपयोग एकूण आकड्यात नाही, आठवड्याच्या चालीत आहे. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढलं तरी पुष्कळ, उलट्यांनी थोडं उतरलं तरी घाबरायचं नाही. चौथ्या महिन्यापासून चाल धरायची. धाकटीसारख्या बारीक बाईला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, मध्यम बांध्याच्या बाईला चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि जाऊबाईंच्या गटाला पाव किलोपेक्षा जरा जास्त, तीनशेच्या आतबाहेर.

आता धाकटीचा हिशेब. कार्डावरून पाहिलं तर ४१ चे ४७, सहा किलो. पण ४१ हे उलट्यांनी उतरलेलं वजन. तुला आधीचं ४२ माहीत आहे, तर ते धरायचं. वाढ पाच किलो. तुझ्या चालीने अठ्ठाविसाव्या आठवड्याला निदान सात तरी हवी होती, साडेदहापर्यंत चाललं असतं. म्हणजे दोनेक किलो मागे आहेस. फार नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. इथून आठवड्याला अर्धा किलो धरलं तरी शेवटी अकराच्या आसपास पोचशील. कागदावर साडेबारापेक्षा कमी, तरी चाल सुधारली तर मला समाधान वाटेल.

जाऊबाई उलट्या बाजूला आहेत. चोविसाव्या आठवड्याला तीन ते साडेपाच किलो वाढ पुरेशी होती, त्यांची नऊ झालीय. "छान चाललंय" म्हणून सोडून द्यायची त्यांचीही केस नाही. खरं सांगायचं तर मला दोघींकडेही बघायला आवडेल.

मला एक सांग, मागच्या महिन्याभरात तुझं किती वाढलं?

करदंट_प्रेमी
गोकाकचं करदंट पाठवून देऊ का? डिंक, गूळ, सुकामेवा सगळं एकात. धाकटीला अर्धा किलो, थोरलीला फक्त वास.

दोन_पाखरं
मला जुळी आहेत, बत्तिसावा आठवडा, १५ किलो वाढलेत. आकडेमोड यांच्या तक्त्याप्रमाणे माझा बीएमआय २२, म्हणजे १६ पर्यंतच मुभा. अजून महिना-दीड महिना बाकी आहे, मग मी आता खाणं कमी करायचं का? रात्री झोप येईना झालीय या विचारानं.

सिस्टर_माई
दोन पाखरं, तो तक्ता एकाच बाळाचा. तुमच्या बांध्याच्या बाईला जुळी असतील तर १७ ते २५ किलो धरतात. खाणं अजिबात कमी करू नका, झोपा निवांत.

धाकटी_जाऊ
माई, मागच्या महिन्यात ४६.२ होतं, आता ४७. म्हणजे आठशे ग्रॅम. आणि आक्का म्हणतात तसंच आमच्याकडे चालू आहे. सातवा लागल्यापासून रात्री सासूबाई फक्त आमटी-भात देतात, "बाळाला जागा पाहिजे" म्हणून. मलाही दोन घास खाल्ले की गच्च होतं. दुपारी भाकरी असते. अंगणवाडीत जाते, तिथलं गरम जेवण, अंडं आणि दूध मिळतं, खरं रोज जायला जमत नाही, ऊन फार.

सिस्टर_माई
आठशे ग्रॅम महिन्याला, तिथे दोन किलो हवं होतं. म्हणजे गाडी इथेच अडलीय.

आक्का, तुम्हाला दुखवायचं नाही, पण हा समज आपल्या भागात घरोघर आहे आणि त्याची फळं मी तराजूवर बघितलीत. बारीक बाई शेवटच्या महिन्यांत कमी खाते तेव्हा बाळ छोटं आणि सोपं होत नाही, अशक्त होतं. अडीच किलोच्या खाली जन्मतं, कधी दिवस भरायच्या आधीच येतं. मग दूध ओढत नाही, अंग गार पडतं. बाळ अडतं ते बहुतेक वेळा कटीच्या आकारामुळे नाहीतर डोकं कसं फिरलंय त्यामुळे. रात्रीची भाकरी बंद करून कटी रुंद होत नाही. मोठं बाळ आणि सिझरची भीती खरी आहे ती जाऊबाईंसारख्या बाईला, जिचं सुरुवातीचं वजन जास्त आणि वाढही जास्त, त्यातून साखर निघाली तर आणखी.

पोट गच्च होणं खरं आहे, गर्भाशय वर चढून जठराला दाबतं. त्याला उपाय ताट कमी करणं नाही, ताट मोडून खाणं. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. आणि जास्तीचं म्हणजे फार काही लागत नाही. दिवसाला साडेतीनशे कॅलरी, एक भाकरी आणि मूठभर शेंगदाण्यांत जवळपास होतं. "दोन जिवांचं" म्हणून कुणी दुप्पट खायची गरज नाही, ती समजूत तुमच्या जाऊबाईंना नडली असेल. तू आमटी-भाताबरोबर एक भाकरी, वाटीभर उसळ, वर शेंगाची चटणी तेल घालून खा. झोपताना दूध. अंगणवाडीतलं अंडं सोडू नको. मातृपूर्णा योजनेत ते तुझ्याच नावचं असतं.

चिकोडीची_आक्का
मला काय दुखत नाही बाई. आम्हाला जे सांगितलं तेच सांगितलं. खरं माझी तिसरी पोरगी भाकरीच्या टोपल्यात मावेल एवढी झाली होती, ते आज आठवलं. तेव्हा वाटलं नशीब.

आकडेमोड
टार्गेटचं मान्य. पण माई, जाऊबाईंनी वजन उतरवू नये का? गणितात तर त्या आताच हद्दीजवळ आहेत.

सिस्टर_माई
उतरवायचं नाही. पोटात बाळ असताना उपास, रात्रीचं जेवण बंद, गोळ्या, काही नाही. चाल कमी करायची. आठवड्याला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमवर आलं तरी उरलेल्या सोळा आठवड्यांत साडेचार किलो वाढणार, एकूण साडेतेरा. साडेअकराच्या पुढे जाईलच, जाऊ दे. सध्याच्या वेगाने गेलं तर पंधराच्या पुढे जाईल, ते टाळायचं. चहा किती आणि त्यात साखर किती, चहाबरोबर खारी-बिस्किटं, कुणी घरी आलं की कुंदा, भातावर भात. तिथे हात घालायचा. भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक तसंच राहू द्यायचं. जेवणानंतर अंगणात वीस मिनिटं चालायचं.

त्याहून महत्त्वाचं, त्यांची साखर तपासली का? ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशीच यायला पाहिजे असं नाही. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात, त्यांची वेळ आताच आहे. साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात होते.

पथ्यपाणी
मी आहारतज्ज्ञ, कोल्हापुरात काम करते. माईंचं बहुतेक पटतं, पण जाऊबाईंच्या गटाबद्दल एक शंका. बीएमआय २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर स्थूल, हे जागतिक मोजमाप. भारतीयांसाठी आपल्याकडे २३ आणि २५ वापरतात, कारण आपल्याला कमी बीएमआयवरच साखर आणि रक्तदाबाचा त्रास लागतो. त्या हिशेबाने २८.३ म्हणजे स्थूल, आणि वाढ पाच ते नऊच धरायला हवी. मी माझ्या पेशंटना तसंच सांगते.

सिस्टर_माई
हे मी ऐकलंय आणि मला ते पटत नाही. तो किलोंचा तक्ता जागतिक मोजमापाच्या गटांवर बांधलाय, मुख्यतः अमेरिकेतल्या बायकांच्या माहितीवर. गट आपले आणि किलो त्यांचे असं चढवलं तर दोन मापं मिसळतात. २४ बीएमआयच्या बाईला मग सात किलोवर आणणार? त्यात एखादी रक्त कमी असलेली, शेतात राबणारी असेल तर? मी २३ च्या वर साखरेबाबत लवकर सावध होते, वजनाची मर्यादा मात्र बदलत नाही.

पथ्यपाणी
२४ वालीला मी पण सात सांगणार नाही. पण २८ ला मी कडक राहते. आपल्याकडच्या बायकांसाठीचे नक्की आकडे अजून सर्वमान्य झालेले नाहीत, त्यामुळे ज्याची त्याची पद्धत. अजून एक, १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईने साडेबाराच्या खालच्या बाजूला राहिलं तरी मला चालतं. पूर्वी बुटक्या बायकांना खालची हद्द धरा असं सांगायचे, २००९ च्या तक्त्यात ती वेगळी सूचना काढून टाकली. मला ती अजून बरी वाटते.

सिस्टर_माई
उंचीचं मी मान्य करते अर्धं.

जोंधळ्याची_भाकरी
मग आमच्या २२ किलोचं कुठे गेलं ते सांगा ना, बाळ तर तीनचं.

सिस्टर_माई
भाकरीताई, साडेबारा किलो वाढलं तर साधारण सव्वातीन बाळ, वार आणि गर्भजल मिळून दीड, गर्भाशय एक, छाती अर्धा, वाढलेलं रक्त दीड, अंगातलं पाणी दीड आणि आईची चरबी तीनच्या आसपास. ती चरबी दूध पाजताना कामाला येते. तुमचे वरचे दहा किलो जवळजवळ सगळे चरबीत गेले, म्हणून ते तुमच्याजवळच राहिले. आणि धाकटीसारख्या बाईचं वाढतच नाही, तेव्हा ती तीन किलोची पुंजी तयार होत नाही. त्यापुढे वाढ आणखी अडली की मग बाळाच्या वाट्याला कात्री लागते.

तवंदीघाट
आमच्या हिचं शेवटच्या महिन्यात एका आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं. घरचे खूश. पाय सुजलेले, अंगठी निघेना. दोन दिवसांनी डोकं इतकं दुखायला लागलं की दवाखान्यात नेलं, बीपी १६० वर. त्याच रात्री डिलिव्हरी करावी लागली. दोघं सुखरूप, पण तो आठवडा आम्ही खूश होतो हे आजही खटकतं.

सिस्टर_माई
हे बरं लिहिलंत. चरबी एका आठवड्यात अडीच किलो होत नाही, ते पाणी असतं. महिन्यात तीन किलोच्या वर वाढलं तरी आम्ही बीपी, लघवीतलं प्रोटीन, जुळं आणि साखर बघायचो. जाऊबाईंचं वजन हळूहळू चढलंय की मध्येच एकदम, ते कार्डावर महिन्या-महिन्याने वाचा. चेहरा-हात सुजणे, डोकं दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, पोटात वरच्या बाजूला दुखणे, यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि धाकटी, तुला वेगळंच सांगायचंय. तू माहेरी जाणार, तेव्हा तराजू बदलणार. निपाणीतल्या तराजूवर ४७ आणि गडहिंग्लजला ४८.४ आलं तर ती वाढ नव्हे. माझ्याकडे अशा मुली यायच्या, अलीकडच्या-पलीकडच्या. एक कार्ड कन्नडमध्ये, दुसरं मराठीत, दोन्हींवर वेगळे आकडे, आणि मधल्या महिन्याचं वजन कुठेच नाही. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी इथे वजन कर, पोचल्यावर दोन दिवसांत तिथे कर. जो फरक येईल तो तराजूचा, तो कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेव. पुढची वाढ तिथल्याच तराजूवर मोज. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पाटल्या-बांगड्या आणि जड साडी नको.

धाकटी_जाऊ
माई, कार्ड कन्नडमध्येच आहे, मला वाचता येत नाही. आकडे तेवढे कळतात. नवऱ्याकडून वाचून घेतलं, त्यात जाऊबाईंचं पाचव्या महिन्यात एकदम साडेतीन वाढलंय. बीपी तेव्हा ठीक लिहिलंय.

माझं वजन कमी आहे हे मात्र आता पटलं. पण वजनच मोजून बाळाचं कसं कळतं? माझ्या मैत्रिणीचं पण कमी वाढलं होतं, बाळ चांगलं झालं.

सिस्टर_माई
कळत नाही. वजन हा फक्त इशारा. भाकरीताईंच्या बहिणीचं तसंच, सात किलोत तीनचं बाळ होऊ शकतं. म्हणून पोटावरून गर्भाशयाची उंची टेपने मोजतात. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन इकडे-तिकडे चालतात. अठ्ठावीसला सव्वीसच्या खाली आलं किंवा दोन तपासण्यांत पुढे सरकलंच नाही तर सोनोग्राफीत बाळाची वाढ बघायची. आणि हिमोग्लोबिन विचार. रक्त कमी असेल तर नुसतं खाऊन वजन वाढवण्याने भागत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नको, वेगवेगळ्या वेळी.

पथ्यपाणी
थायरॉइड आणि जंत हे पण विचारून घ्या. खाणं पुरेसं असून वाढत नसेल तर.

धाकटी_जाऊ
परवा जाऊन आले, आम्ही दोघी. माझी उंची टेपने २६ आली, हिमोग्लोबिन ९.६. डॉक्टर म्हणाल्या काठावर आहे. लोहाची गोळी दोन वेळा केली, जंताची दिली आणि पुढच्या आठवड्यात वाढीची सोनोग्राफी सांगितली. माहेरी जाणं तोवर पुढे ढकललंय. जाऊबाईंची साखर १५२ आली. त्यांना आधी जेवण बदलून दोन आठवडे बघायचं आहे, मग पुन्हा तपासणी.

सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण काल रात्री माझ्या ताटात भाकरी होती. जाऊबाईंच्या ताटातला भात कमी केला तर त्या रागावल्यात, म्हणतात "मला उपाशी ठेवून हिला खाऊ घालता". त्यांना कसं समजवू?

चिकोडीची_आक्का
त्यांच्या ताटातला भात काढला तर भाकरी आणि डाळ वाढव, ताट रिकामं दिसायला नको. अर्धा राग तिथेच जाईल.

सिस्टर_माई
आक्का बरोबर बोलल्या. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जाऊबाईंनी स्वतः ऐकलंय ना? त्यांच्या १५२ चा कागद त्यांनाच वाचू दे, तू समजवायला जाऊ नको. जावेकडून ऐकलं की पथ्य पण टोमणा वाटतं. सोनोग्राफीचा आकडा आला की टाक इथे, बाळाचं वजन आणि पोटाचा घेर दोन्ही.